पासवर्ड बरोबर, तरी 'चुकीचा' का?



मोबाईलवर नोंदणी करताना मेसेजमधला पासवर्ड कॉपी करून टाकला, तरी 'पासवर्ड चुकीचा' असे वारंवार येते. त्याची कारणे बहुधा दोनच असतात.

समजा, पासवर्ड us4521k आहे. हाताने टाकताना काही फोन पहिले अक्षर आपणहून मोठे करतात आणि Us4521k होते. आपल्याला दोन्ही सारखेच; पण संगणकाकडे u चा क्रमांक 117 आणि U चा 85, म्हणून त्याच्या लेखी ती अक्षरे वेगळी.

दुसरे कारण दिसतच नाही. कॉपी करताना शेवटची मोकळी जागा सोबत येते. तिलाही क्रमांक आहे, 32. डोळ्याची खूण दाबली तर अक्षरे दिसतात, मोकळी जागा दिसत नाही. म्हणून ठिपके मोजावेत. us4521k ची अक्षरे सात. ठिपके आठ आले तर एक जास्तीचे आले समजा. शेवटी बोट ठेवून एकदा खोडावे. कधी वाक्याचा पूर्णविरामही असाच चिकटून येतो.

दोनदा चुकले की थांबावे, कारण पुष्कळ ठिकाणी ठराविक चुकांनंतर खाते काही वेळ बंद होते. सगळे पुसून, डोळ्याची खूण दाबून, एकेक अक्षर हाताने टाकावे. तरीही जमले नाही तरच नवीन पासवर्ड मागवावा. मग जुना मेसेज वापरू नये.