जुन्या नोंदवहीतील पाऊस : इंचातून मिलिमीटरमध्ये

दुष्काळाचा धडा शिकविताना इतिहासाच्या शिक्षकाला एका प्रश्नाला हटकून सामोरे जावे लागते. विद्यार्थी विचारतात, "छपन्नच्या दुष्काळात पाऊस कमी पडला की बहात्तरच्या?" विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा दुष्काळ आणि महाराष्ट्राने १९७२ साली अनुभवलेला दुष्काळ यांची तुलना करावयाची म्हटले की दोन वेगळ्या भाषांतील कागद समोर येतात. पहिल्या कागदावर पाऊस इंचांत आहे, दुसऱ्यावर मिलिमीटरमध्ये. ही दोन मापे एका मापात आणल्याखेरीज तुलनेला आरंभच होत नाही. हे काम वरकरणी केवळ गुणाकाराचे वाटते. परंतु आमचा अनुभव असा की, चूक गुणाकारात क्वचितच होते. ती होते नोंद वाचताना. म्हणून येथे आम्ही गुणाकाराइतकाच वाचनाचाही विचार करणार आहोत.

प्रथम माप समजून घेऊ. 'एक इंच पाऊस पडला' याचा अर्थ असा की, पडलेले पाणी वाहून गेले नसते, जिरले नसते व त्याची वाफ झाली नसती, तर सपाट जमिनीवर एक इंच उंचीचा थर साचला असता. जुन्या काळी आपल्याकडे सायमन्सचा पाच इंच व्यासाचा पर्जन्यमापक वापरात होता. त्यात साचलेले पाणी सकाळी आठच्या सुमारास खुणा केलेल्या काचपात्रात ओतून मोजीत. त्या खुणा इंचाच्या शंभराव्या भागाच्या असत आणि या शंभराव्या भागाला 'सेंट' म्हणत. शंभर सेंटांचा एक इंच. म्हणून नोंदवहीत पावसासाठी बहुधा दोन रकाने आढळतात, एक इंचांचा व दुसरा सेंटांचा.

एक इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर. ही नेमकी व्याख्या १९५९ साली आंतरराष्ट्रीय सहमतीने ठरली. त्यापूर्वीचा ब्रिटिश इंच किंचित वेगळा होता, पण तो फरक इतका सूक्ष्म की हजार मिलिमीटर पावसातही तो दिसून येत नाही. तेव्हा जुन्या नोंदींनाही निःशंकपणे २५.४ नेच गुणावे. मात्र सोपे पडते म्हणून २५ ने गुणू नये. शंभर इंच पावसाचे २५४० मिलिमीटर होतात. २५ ने गुणल्यास २५०० च येतात आणि चाळीस मिलिमीटर पाऊस कागदावरच नाहीसा होतो. तोंडी हिशेब करावयाचा असेल तर प्रथम २५ पट करावी आणि त्यात मूळ संख्येची ०.४ पट मिळवावी. चेरापुंजी येथे १४ जून १८७६ रोजी नोंदविलेला ४०.८० इंच पाऊस घेऊ. त्याची २५ पट १०२०, ०.४ पट १६.३२, बेरीज १०३६.३२. आज ग्रंथांत या दिवसाचा पाऊस १०३६ मिलिमीटर दिलेला आढळतो, तो असा आलेला आहे.

आता नोंदवहीकडे वळू. सरावासाठी आम्ही विद्यार्थ्यांना सात दिवसांचे एक पान रचून देतो. त्यात इंच व सेंट असे दोन रकाने असून नोंदी पुढीलप्रमाणे आहेत. पहिल्या दिवशी ० व ५, दुसऱ्या दिवशी ० व ४०, तिसऱ्या दिवशी १ व ५, चौथ्या दिवशी ० व ०, पाचव्या दिवशी ० व ९, सहाव्या दिवशी २ व ३०, सातव्या दिवशी ० व १०. पानाच्या तळाशी आठवड्याची एकूण बेरीज दिली आहे : ३ व ९९.

बहुतेक विद्यार्थी तिसऱ्या दिवसाची नोंद '१.५ इंच' अशी उतरवून घेतात. येथेच सारे बिघडते. एक रुपया पाच पैसे ही रक्कम आपण १.५० लिहीत नाही, १.०५ लिहितो. त्याचप्रमाणे एक इंच पाच सेंट म्हणजे १.०५ इंच. सेंटांचा आकडा एकेरी असेल तर त्याच्या आधी शून्य लिहिलेच पाहिजे. जुन्या कारकुनाला ते शून्य लिहिण्याची गरज नव्हती, कारण त्याच्यापुढे दोन स्वतंत्र रकाने होते. दशांश चिन्ह आपण घालतो आणि म्हणून शून्याची जबाबदारीही आपलीच असते.

या एका चुकीचा परिणाम पाहा. पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या दिवसाच्या नोंदी चुकीने ०.५, १.५ व ०.९ अशा वाचल्या तर आठवड्याची बेरीज ५.७० इंच, म्हणजे १४४.८ मिलिमीटर होते. योग्य वाचन केल्यास सर्व सेंटांची बेरीज ५, ४०, १०५, ०, ९, २३० व १० मिळून ३९९, म्हणजे ३.९९ इंच येते आणि त्याचे १०१.३ मिलिमीटर होतात. एका आठवड्यात त्रेचाळीस मिलिमीटरांहून अधिक पाऊस निव्वळ वाचनदोषाने पडला! आणि ही चूक दोन्ही बाजूंनी समान होत नाही. ती पाऊस नेहमी वाढवितेच. ज्या वर्षी हलक्या सरी जास्त, म्हणजे एकेरी सेंटांच्या नोंदी जास्त, त्या वर्षी ती सर्वांत मोठी होते. कोरडे वर्ष अशा रीतीने बरे दिसू लागते आणि दुष्काळाचा पुरावाच पुसट होतो.

यावरील उपाय त्याच पानावर असतो. कारकुनाने तळाशी केलेली बेरीज ही आपली साक्षीदार होय. गुणाकार करण्यापूर्वी सर्व नोंदी सेंटांत मांडून त्यांची बेरीज करावी व ती तळच्या बेरजेशी ताडून पाहावी. आपल्या पानावर ती ३ इंच ९९ सेंट अशी जुळते, म्हणून वाचन बरोबर आहे. न जुळल्यास आधी एकेरी सेंटांच्या नोंदी तपासाव्यात. त्या निर्दोष असतील तर कारकुनाचीही बेरीज चुकलेली असू शकते. अशा वेळी दोन्ही आकडे लिहून ठेवावेत, एकही खोडू नये.

वाचन पक्के झाले की रूपांतर करावे. आपल्या पानावरील दिवसांचे अनुक्रमे १.२७, १०.१६, २६.६७, ०, २.२८६, ५८.४२ व २.५४ मिलिमीटर होतात. हे आकडे किती घरांपर्यंत लिहावेत? आमचे उत्तर : दशांश चिन्हानंतर एकच घर. ज्या काचपात्रावर सेंटाखालची खूणच नव्हती, त्याच्या नोंदीतून मिलिमीटरचा हजारावा भाग लिहिणे म्हणजे मापकाने न पाहिलेले त्याच्या नावावर घालणे होय. दुसऱ्या टोकाला जाऊन पूर्ण मिलिमीटर लिहिणेही बरे नव्हे. एक सेंट म्हणजे ०.२५४ मिलिमीटर, पूर्णांकात लिहिताच त्याचे शून्य होते आणि पाऊस पडलेला दिवस कोरडा ठरतो. शिवाय दोन, तीन, चार व पाच सेंट या चारही नोंदी '१' अशा एकाच आकड्यात मिसळून जातात. एक घर ठेवले म्हणजे प्रत्येक सेंट वेगळा राहतो आणि पुढे कोणाला मूळ आकड्याकडे परत जावयाचे असेल तर वाट मोकळी राहते.

एका घरापर्यंत आणलेले आकडे असे : १.३, १०.२, २६.७, ०, २.३, ५८.४, २.५. यांची बेरीज १०१.४ होते. मात्र ३.९९ इंचांचे थेट रूपांतर १०१.३ येते. विद्यार्थी येथे गोंधळतात. हा फरक चुकीचा नसून प्रत्येक दिवशी केलेल्या पूर्णांकनाचा आहे. म्हणून महिन्याची वा वर्षाची बेरीज इंचांतच करावी आणि शेवटी एकदाच गुणावे.

पावसाचे दिवस मोजतानाही हेच पथ्य पाळावे. जुन्या पद्धतीत दहा सेंट वा त्याहून अधिक पाऊस झालेला दिवस 'पर्जन्यदिन' मानीत; आज ती मर्यादा २.५ मिलिमीटर आहे. दहा सेंटांचे २.५ व नऊ सेंटांचे २.३ होत असल्याने दोन्ही व्याख्या जुळतात. आपल्या पानावर असे चार दिवस आहेत. वर सांगितलेल्या चुकीच्या वाचनात मात्र तेच सहा होतात, कारण पाच व नऊ सेंटांच्या सरी पन्नास व नव्वद सेंटांच्या होऊन बसतात.

दुसऱ्याने केलेले रूपांतर हाती आले आणि मूळ वही उपलब्ध नसली, तरी त्याची परीक्षा घेता येते. एक, दोन, तीन असे सेंट घेऊन रूपांतर केले तर ०.३, ०.५, ०.८, १.०, १.३, १.५, १.८, २.०, २.३, २.५ असेच आकडे येतात. ०.४, ०.६ वा ०.७ हे आकडे सेंटांच्या नोंदीतून कधीच निघत नाहीत. जुन्या वर्षाच्या तक्त्यात असा आकडा दिसला तर तेथे उतरविताना चूक झाली आहे, अथवा ती नोंद मुळातच मिलिमीटरमध्ये घेतलेली आहे, असे समजावे. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला. त्याच्या आगेमागे काही वर्षांच्या वह्यांत रकान्याचे शीर्षक पाहिल्याशिवाय एकही आकडा गुणू नये. आधीच मिलिमीटरमध्ये असलेल्या आकड्याला २५.४ ने गुणले तर साध्या सरीचाही महापूर होतो.

मूळ नोंदीच्या अचूकतेपलीकडे रूपांतर जाऊ शकत नाही, याचे बोलके उदाहरण पुन्हा चेरापुंजीचेच आहे. जुलै १८६१ चा तेथील पाऊस ३६६ इंच दिला जातो. गुणाकार ९२९६.४ येतो, परंतु बहुधा ९३०० मिलिमीटर असे लिहितात आणि ते योग्यच आहे. पूर्ण इंचांत सांगितलेल्या संख्येत अर्ध्या इंचाची, म्हणजे सुमारे तेरा मिलिमीटरांची ढिलाई गृहीतच असते. मात्र कोणी या ९३०० चे पुन्हा इंच केले तर ३६६.१४ येतात आणि कोणीही न मोजलेले चौदा सेंट इतिहासात शिरतात.

शेवटी दोन गोष्टी. कोऱ्या जागी शून्य लिहू नये. शून्य म्हणजे मापक पाहिला व पाणी नव्हते. कोरी जागा म्हणजे कदाचित मापक पाहिलाच गेला नाही. तसेच आज सकाळची नोंद ही मागील चोवीस तासांच्या पावसाची असते, म्हणून तारीख वहीत आहे तशीच ठेवावी. आमच्या विद्यार्थ्यांच्या तक्त्यात इंच, सेंट, मिलिमीटर व शेरा असे चार रकाने असतात. मिलिमीटरचा रकाना उद्या चुकीचा ठरला तर तो पुन्हा लिहिता येईल. परंतु इंच व सेंटांचे रकाने टाकून दिले, तर त्या कारकुनाने भर पावसात जाऊन मोजलेले पाणी आपल्याला पुन्हा मोजता येणार नाही.