१६७१ रुपये

मे २०१४च्या अखेरीस मी अंबडच्या एका कारखान्यातून निवृत्त झालो. तेव्हा पगार चौदा हजारांच्या घरात होता. पी.एफ. कार्यालयातून पेन्शन मंजुरीचा कागद आला, त्यावर दरमहा १६७१ रुपये लिहिले होते. रक्कम लहान होती, पण मनाची समजूत घातली की सुरुवात आहे, दरवर्षी थोडी वाढत जाईल. माझे साडू रेल्वेतले. त्यांचे पेन्शन वर्षातून दोनदा वाढताना मी पाहत होतो, त्यामुळे पेन्शन म्हटले की वाढायचेच, असे मी धरून चाललो. अकरा वर्षे उलटून गेली. पासबुकात आजही १६७१च जमा होतात.

हा आकडा आला कुठून, ते आधी सांगतो. १९९५च्या कर्मचारी पेन्शन योजनेचे, म्हणजे ईपीएस-९५चे, सूत्र सोपे आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले ७०. माझी नोकरी मे १९९६ पासून, म्हणजे अठरा वर्षे. पगार चौदा हजार असला तरी हिशेबात धरला फक्त ६५००, कारण तेव्हा कमाल मर्यादा तेवढी होती. ६५०० गुणिले १८ भागिले ७० केले की १६७१ येतात. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून मर्यादा १५ हजार झाली, पण मी तीन महिने आधीच बाहेर पडलो होतो. या सूत्रात पगार आहे आणि वर्षे आहेत, महागाई कुठेच नाही. वाढ नंतर आपोआप मिळेल असे मला कोणी सांगितले नव्हते, हेही खरे आहे. मी विचारलेच नाही.

साडूंचे गणित निराळे आहे. सातव्या वेतन आयोगात त्यांचे मूळ पेन्शन १८ हजार ठरले. त्यावर महागाई भत्ता मिळतो, पेन्शनरांच्या कागदांत त्याला ‘महागाई दिलासा’ असेही म्हणतात. लेबर ब्यूरो दर महिन्याला औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक काढते. आयोगाच्या वेळी बारा महिन्यांची सरासरी होती २६१.४२. आताची बारा महिन्यांची सरासरी त्याच जुन्या मापात आणून त्या आकड्यापेक्षा किती टक्के वर गेली ते पाहतात, अपूर्णांक सोडून देतात आणि तेवढे टक्के मूळ पेन्शनवर देतात. जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा. जुलै २०२५ पासून केंद्राचा दर ५८ टक्के झाला. १८ हजारांवर १०,४४० चढले आणि एकूण झाले २८,४४०. साडूंनी निवृत्त होताना पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतले होते, तरी भत्ता विकण्याआधीच्या पूर्ण १८ हजारांवर लागतो. बाजारात डाळ महागली की काही महिन्यांनी त्यांच्या खात्यात त्याचे उत्तर येते.

हे संरक्षणही पुरते नाही. करोनाच्या काळात जानेवारी २०२० पासूनचे तीन हप्ते गोठवले गेले. दर सतरा टक्क्यांवरच राहिला, जुलै २०२१ला एकदम अठ्ठावीसवर आला आणि मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी मिळाली नाही. शिवाय निर्देशांक मोजला जातो कामगार कुटुंबाच्या खर्चावर, म्हाताऱ्याच्या औषधांच्या पिशवीवर नव्हे. तरीही त्यांचे पेन्शन महागाईमागून चालत राहिले, माझे जागेवरच थांबले.

मग आम्हालाच का नाही? याचे उत्तर पैसे कुठून येतात यात आहे. साडूंचे पेन्शन सरकारच्या तिजोरीतून जाते, आणि महागाई वाढली की सरकारचा कर-महसूलही बहुधा वाढतो. आमचे पेन्शन एका ठरलेल्या निधीतून येते. मालकाच्या हिश्श्यातून मर्यादेतल्या पगाराचे ८.३३ टक्के, म्हणजे माझ्या बाबतीत जास्तीत जास्त ५४१ रुपये महिना, आणि केंद्र सरकारचे १.१६ टक्के. अठराही वर्षे पूर्ण ५४१ पडले असे धरले (सुरुवातीला मर्यादा ५००० होती, म्हणजे प्रत्यक्षात कमीच), तरी व्याज सोडून एक लाख सतरा हजारही होत नाहीत. मला वर्षाला मिळतात वीस हजार. व्याज धरले तरी हे आयुष्यभर पुरवून वर दरवर्षी महागाईइतके वाढवायचे तर बहुधा नवा पैसा कोणीतरी घातला पाहिजे. योजनेत निधीचे दरवर्षी मूल्यांकन करण्याची तरतूद आहे. शिल्लक दिसली तर पेन्शन वाढवता येते, तूट दिसली की हात आखडतो. निर्देशांकाशी बांधलेला हक्क त्यात नाही. किमान १००० रुपयांची रेघ सप्टेंबर २०१४ला ओढली, ती तेव्हापासून तिथेच आहे. साडेसात हजार आणि महागाई भत्ता मिळावा म्हणून बुलढाण्यापासून दिल्लीपर्यंत म्हातारी माणसे आंदोलनाला बसली, ती मागणी मला पूर्णपणे न्याय्य वाटते. माझ्यामागे बायकोला निम्मे, म्हणजे ८३६ निघतात. किमान रेघेमुळे हजार मिळतील, एवढेच.

माझी खरी चूक मात्र दुसरी होती. पी.एफ. आणि ग्रॅच्युइटीचे पैसे आले, त्यातल्या मोठ्या भागाचे मी आयुष्यभर ठराविक रक्कम देणारे अॅन्युइटी पेन्शन घेतले. म्हणजे न वाढणाऱ्या पेन्शनला न वाढणारेच दुसरे जोडले. घरातल्या हिशेबाच्या वहीत २०१४ साली दुधाचा लिटरचा भाव ३४ लिहिलेला आहे, आता ५८ देतो. दोन्ही पेन्शने मिळून तेव्हा दूध, किराणा, विजेचे बिल भागून थोडे उरायचे. आता किराण्यातच संपतात.

म्हणून निवृत्त होणाऱ्यांना मी तीन गोष्टी विचारायला सांगतो. पहिली, हे पेन्शन कशाला बांधलेले आहे? निर्देशांकाला, ठराविक टक्क्याला, की कशालाच नाही? काही अॅन्युइटींत वर्षाला तीन टक्के वाढीचा पर्याय असतो, पण ती साधी वाढ असते. ३००० ने सुरू झाले तर दरवर्षी ९० रुपयेच वाढतात, दहा वर्षांनी ३९००. महागाई पाच टक्के राहिली तर तेव्हा लागतील जवळजवळ ४९००. शिवाय सुरुवातीची रक्कमही कमी मिळते.

दुसरी, ईपीएस लवकर घेण्याची घाई आहे का? पन्नाशीनंतर घेता येते, पण अठ्ठावन्नच्या आत जितकी वर्षे आधी, तितक्यांसाठी दरवर्षी चार टक्के कपात होते, आणि वाढ कधीच नसल्यामुळे ती कपात मरेपर्यंत सोबत राहते. उलट साठपर्यंत थांबले तर वर्षाला चार टक्के जास्त मिळतात. तो आकडाही एकदाच ठरतो, महागाईची सोय म्हणून त्याकडे पाहू नये.

तिसरी, ठेवीवरचे सगळे व्याज खर्चता येईल का? सात टक्के व्याज आले आणि महागाई पाच असली तर खर्चायला खरे दोनच टक्के आहेत. बाकीचे पाच पुन्हा मुदलात घालायचे असतात. उरलेल्या पैशांच्या ठेवीवर मी सगळे सात खाल्ले, दहा वर्षे.

गेल्या महिन्यात कारखान्यातला एक धाकटा सहकारी कागद घेऊन घरी आला होता. अॅन्युइटीच्या अर्जावर खूण करायच्या चौकटी होत्या, त्याने सर्वांत मोठ्या आकड्यावर पेन्सिलने टिंब दिले होते. मी वही काढून त्याच्यासमोर ठेवली आणि २०१४ चे पान उघडले. त्याने दुधाचा भाव वाचला, मग खोडरबर मागितले.