प्रकल्प-अहवाल आणि सत्र परीक्षा : अंतिम वर्षातील वेळेची वाटणी

अभियांत्रिकी महाविद्यालयातील अंतिम वर्षाच्या शेवटच्या सत्रात विद्यार्थ्यावर दोन जबाबदाऱ्या एकाच वेळी येतात. एक प्रकल्प पूर्ण करून त्याचा अहवाल सादर करण्याची आणि दुसरी सत्र परीक्षेच्या लेखी विषयांची. बरेचसे विद्यार्थी या दोहोंची वाटणी महिन्यांच्या हिशेबाने करतात. मार्चअखेरपर्यंत प्रकल्प आणि त्यानंतर अभ्यास, असे ते ठरवितात. ही वाटणी कागदावर सोपी दिसते. परंतु प्रत्यक्षात एप्रिल महिन्यात प्रकल्प अपुरा आणि अभ्यास अस्पर्श, अशी अवस्था होते.

याचे कारण या दोन कामांच्या स्वभावातच आहे. प्रकल्पाच्या कामात सक्तीची प्रतीक्षा असते. साहित्य येण्याची, चाचणीचा दिवस उजाडण्याची, मार्गदर्शकांनी मसुदा वाचून परत देण्याची वाट पाहावी लागते आणि विद्यार्थ्याने कितीही जागरण केले तरी ती कमी होत नाही. अभ्यासात अशी प्रतीक्षा नसते. तेथे विस्मरण असते. आज समजलेला भाग तीन आठवडे हाताळला नाही तर पुन्हा नव्याने शिकावा लागतो. म्हणून प्रतीक्षेची कामे सर्वांत आधी सुरू करावीत आणि त्या प्रतीक्षेच्या दिवसांत अभ्यासाची आवर्तने बसवावीत, हे या वाटणीचे मुख्य सूत्र होय. एका उदाहरणाने ते स्पष्ट होईल.

अठ्ठावीस दिवसांचा हिशेब

गोव्यातील एखाद्या महाविद्यालयात स्थापत्य शाखेच्या चार विद्यार्थ्यांचा गट आहे, असे समजू. काँक्रीटमध्ये नदीच्या वाळूऐवजी दगडाचा चुरा वापरल्यास त्याच्या ताकदीत काय फरक पडतो, हा त्यांचा विषय आहे. वाळूच्या जागी चुरा अजिबात न घालता, पाव भाग, अर्धा भाग आणि पाऊण भाग घालून अशी एम-२० प्रतीच्या काँक्रीटची चार मिश्रणे त्यांना तपासावयाची आहेत. प्रत्येक मिश्रणाचे १५० मिलिमीटर बाजूचे सहा ठोकळे लागतात. त्यांपैकी तीन सात दिवसांनी आणि तीन अठ्ठावीस दिवसांनी दाबचाचणी यंत्रात फोडून पाहावयाचे असतात. म्हणजे एकूण ठोकळे झाले चोवीस.

प्रयोगशाळेतून गटाच्या वाट्याला सहा साचे मिळाले, तर एका दिवशी एकाच मिश्रणाचे ठोकळे ओतता येतात. दुसऱ्या दिवशी ते साच्यातून काढून पाण्याच्या टाकीत ठेवावे लागतात, आणि मग साचे पुढच्या मिश्रणासाठी मोकळे होतात. अशा रीतीने चार मिश्रणांस चार दिवस लागतात. फेब्रुवारी महिना अठ्ठावीस दिवसांचा असेल त्या वर्षी २ ते ५ फेब्रुवारी या दिवसांत ओतलेले ठोकळे ९ ते १२ फेब्रुवारीस सात दिवसांच्या चाचणीसाठी आणि २ ते ५ मार्च रोजी अंतिम चाचणीसाठी तयार होतात. सात आणि अठ्ठावीस या दोन्ही संख्या पूर्ण आठवड्यांच्या असल्यामुळे ज्या वारी ठोकळे ओतले त्याच वारी दोन्ही चाचण्या येतात. रविवारी ओतलेल्या ठोकळ्याची चाचणी रविवारीच येणार, हे लक्षात ठेवावे. मार्च महिन्यात धुळवडीची सुट्टीही मध्ये येऊ शकते; म्हणून ओतण्याची तारीख ठरविण्यापूर्वी दिनदर्शिका पाहावी.

या तारखांना इतके महत्त्व का, हे अंतिम चाचणीच्या दिवशी कळते. समजा, एका मिश्रणाच्या तीन ठोकळ्यांची ताकद २४.८, २५.६ आणि १८.९ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर भरली. त्यांची सरासरी २३.१ येते व ती वरकरणी समाधानकारक वाटते. परंतु भारतीय मानक ४५६ प्रमाणे कोणत्याही एका ठोकळ्याचा सरासरीपासूनचा फरक १५ टक्क्यांहून अधिक असता कामा नये. येथे १५ टक्के म्हणजे सुमारे ३.५ होतात आणि तिसरा ठोकळा ४.२ ने कमी आहे. अर्थात हा निकाल ग्राह्य धरता येत नाही. तिसरा ठोकळा भरताना काँक्रीट नीट ठासले गेले नसेल, अथवा यंत्रात तो तिरका बसला असेल. कारण कोणतेही असो, ते मिश्रण पुन्हा ओतणे भाग आहे.

पहिले ओतकाम फेब्रुवारीच्या आरंभी झाले असेल तर ९ मार्च रोजी पुन्हा ओतून ६ एप्रिल रोजी नवा निकाल हाती येतो. अहवाल एप्रिलअखेर द्यावयाचा असल्यास तेवढा अवकाश पुरतो. हेच काम १६ मार्चला सुरू झाले असते, तर पहिला निकाल १३ एप्रिलला आणि २० एप्रिलला पुन्हा ओतलेल्या ठोकळ्यांचा निकाल १८ मे रोजी मिळाला असता. तोवर अहवालाची मुदत संपलेली असते आणि परीक्षा दाराशी येऊन ठेपलेली असते. अशा वेळी नको असलेला आकडा गाळण्याचा अथवा बदलण्याचा मोह होतो. तो मोह टाळण्याचा खरा उपाय फेब्रुवारीतच करून ठेवावा लागतो.

प्रतीक्षेच्या दिवसांतील अभ्यास

सहा फेब्रुवारीपासून मार्चच्या आरंभापर्यंत, मधल्या सात दिवसांच्या चाचण्या सोडल्या तर, ठोकळे पाण्यात मुरत असतात. याच दिवसांत गटातील विद्यार्थी ‘प्रकल्प चालू आहे’ या समाधानात राहतात, आणि वेळ हातातून निसटतो. वस्तुतः अभ्यासाचे पहिले आवर्तन पुरे करण्याचा हाच काळ होय.

उपलब्ध तासांचा हिशेब आधी मांडावा. गावाहून रोज बसने येणाऱ्या विद्यार्थ्यास कॉलेजच्या वेळेव्यतिरिक्त दिवसाचे तीन तास आणि शनिवार-रविवारी पाच-पाच तास मिळतात, असे धरले तर आठवड्याचे पंचवीस तास होतात. साहित्य जमविण्याच्या आणि ओतकामाच्या आठवड्यांत त्यांपैकी पंधरा तास प्रकल्पास व दहा तास अभ्यासास द्यावेत. ठोकळे टाकीत गेल्यावर हे प्रमाण उलटे करावे. मार्चमध्ये निकाल हाती येऊ लागले की दोहोंस सारखा वेळ द्यावा. अहवाल सादर झाल्यावर सर्व वेळ अभ्यासाचा; मात्र तोंडी परीक्षा नंतर असेल तर तिच्या आधीचा एक दिवस अहवाल पुन्हा वाचण्यासाठी राखावा. ज्या घरी काजूच्या बागा आहेत तेथे मार्च ते मे हा हंगामाचा काळ असतो. घरच्या कामास द्यावे लागणारे तास या पंचविसांतून आधीच वजा करावेत. म्हणजे ऐन वेळी ओढाताण होत नाही.

या तासांत काय करावे, हाही प्रश्न आहे. धडा पुन्हा पुन्हा वाचला की तो आल्यासारखा वाटतो, पण ते वाटणे फसवे असते. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला, तर काहींनी एकदा वाचून नंतर तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुनर्वाचन करणारे पुढे होते. एका आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा तर तीन महिन्यांनी असते. म्हणून प्रत्येक भाग वाचून झाल्यावर पुस्तक मिटून त्यावरील एक प्रश्न लिहावा; तोच प्रश्न आठवड्याने आणि पुन्हा महिन्याने सोडवावा. अंदाजपत्रकासारख्या विषयात उदाहरण नुसते वाचून भागत नाही. सोडविलेले उत्तर झाकून ते हाताने करावे लागते.

ओतकामाच्या दिवशी शरीर थकलेले असते. त्या दिवशी मोठा अभ्यास ठेवू नये. परतीच्या बसमध्ये मागील आठवड्यातील पाच प्रश्न मनात आठवून पाहावेत. अभ्यासाचा धागा तुटू नये एवढाच त्यामागील हेतू आहे.

अहवाल कोणत्या क्रमाने लिहावा

अहवाल छापील क्रमाने, म्हणजे प्रस्तावनेपासून, लिहावयास बसू नये. सर्वप्रथम ‘साहित्य आणि पद्धती’ हे प्रकरण लिहावे, आणि तेही ओतकामाच्याच आठवड्यात. सिमेंट किती घेतले, पाणी किती घातले, ओल्या काँक्रीटच्या शंकूचा उतार किती मिलिमीटर भरला, हे त्या दिवशी सर्वांच्या ध्यानात असते. दोन महिन्यांनी चौघे चार आकडे सांगतात. नोंदवही त्याच संध्याकाळी पूर्ण करून चौघांनी सह्या केल्यास हा वाद उद्भवत नाही.

प्रतीक्षेच्या काळात, अहवालासाठी राखलेल्या आठवड्यातील दहा तासांत, पूर्वीच्या संशोधनाचा आढावा लिहावा आणि निकालांचे तक्ते रिकाम्या रकान्यांसह आखून ठेवावेत. २ मार्चला पहिला आकडा मिळताच तो तक्त्यात जातो. निकालांची चर्चा त्यानंतर, समारोप त्याच्या पुढे आणि प्रस्तावना सर्वांत शेवटी लिहावी. कारण आपण नेमके काय केले हे तेव्हाच पुरते ठाऊक झालेले असते.

प्रत्येक प्रकरण तयार होताच मार्गदर्शकांकडे द्यावे. संपूर्ण अहवाल एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात एकदम हाती दिल्यास मार्गदर्शकांकडे तसेच दहा अहवाल साचलेले असतात. प्रकरण त्यांच्याकडे असताना विद्यार्थ्याने त्यात फेरफार करीत बसू नये. ते दिवस अभ्यासाचे समजावेत. मुखपृष्ठ, पानांच्या चौकटी आणि आलेखांचे रंग यांत रात्री जातात. त्यांसाठी अखेरची एकच बैठक राखावी.

मागे पडल्याच्या खुणा

वाटणी बिघडू लागल्याचे आधीच ओळखता येते. नोंदवहीत आकडे आहेत, पण आठवडा उलटला तरी ते अहवालाच्या तक्त्यात उतरले नाहीत, तर अहवाल मागे पडला असे समजावे. पान उघडताच मजकूर ओळखीचा वाटतो, पण पुस्तक मिटल्यावर त्यावर चार ओळी लिहिता येत नाहीत, तर अभ्यास मागे पडला आहे. आणि गटातील एकच जण सारा अहवाल लिहीत असेल, तर त्या एकाचा अभ्यास आणि उरलेल्या तिघांची तोंडी परीक्षा, दोन्ही धोक्यात आहेत. दर शनिवारी दहा मिनिटे बसून या तीन गोष्टी पडताळून पाहाव्यात आणि पुढील आठवड्याचे तास त्याप्रमाणे बदलावेत.

या कामी अध्यापकांचाही मोठा हातभार लागू शकतो. साचे आणि दाबचाचणी यंत्र कोणत्या गटास कोणत्या दिवशी मिळेल, याचा तक्ता जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फलकावर लागल्यास सर्वच गटांचे ओतकाम वेळेवर होते. एरव्ही मार्च महिन्यात सारे गट एकाच यंत्रासमोर उभे राहतात आणि अठ्ठावीस दिवसांचा हिशेब कोणाचाच जुळत नाही.