केस स्टडीतील फलित कसे मोजावे?

प्रश्न : दहिसरच्या एका स्वतंत्र डिझायनरने विचारले आहे, की केस स्टडीत मोजता येणारे फलित कसे लिहावे?

उत्तर : केस स्टडी, म्हणजे एकाच कामातील अडचण, तिच्यावर योजलेली पद्धत आणि मिळालेले फलित सांगणारे पान, बहुधा फलितापाशी कच्चे पडते, कारण ‘विक्री वाढली’ याचे श्रेय एकट्या डिझाइनला देता येत नाही. २ एप्रिल २०२२ रोजी दहिसर पूर्व स्थानकातून मेट्रो सुरू झाली; त्याच महिन्यात स्थानकाजवळच्या एखाद्या फरसाणवाल्याने दरपत्रक बदलले असे मानल्यास, वाढलेली गर्दी मेट्रोमुळे की दरपत्रकामुळे, हे ठरवता येणार नाही. म्हणून डिझाइनचा थेट संबंध येतो तेवढेच मोजावे. ‘ग्राहक भाव पुन्हा पुन्हा विचारतात’ ही अडचण असेल, तर बदलापूर्वी सलग १०० ग्राहकांपैकी किती जणांनी भाव विचारला हे गल्ल्यावर टिपावे आणि नवे दरपत्रक लागल्यावर त्याच वारी, त्याच वेळी तीच मोजणी करावी. समजा ४० चे १५ झाले, तर गर्दी वाढली असली तरी हे प्रमाण तुलनेस योग्य राहते. बदलापूर्वीची नोंद नसेल, तर आकडा लिहूच नये. त्याऐवजी दुकानदाराच्या संमतीने त्याचा अभिप्राय द्यावा.