तोंडी परीक्षेचे गुण : दोन शिक्षक, एक मोजपट्टी

मार्च २०१९ च्या दहावीच्या परीक्षेत भाषा विषयांचे शाळेकडील २० गुण नव्हते. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. नवा अभ्यासक्रम हेही त्याचे एक कारण होते. पुढील वर्षी ते गुण परत आले. मात्र शाळा तोंडी गुण सढळ हाताने वाटतात, हा आक्षेप कायम राहिला. त्याचे उत्तर वर्गातच द्यावे लागते.

आमच्या सातवीतील एका मुलीने गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांविषयी माहिती सांगितली. एका शिक्षकाने तिला १० पैकी ८ गुण दिले, दुसऱ्याने ५. पहिल्याने ती काय सांगते हे ऐकले होते. दुसऱ्याने 'पानी', 'नाय' हे उच्चार मोजले होते. निष्काळजी कोणीच नव्हते, पण दोघांनी मोजलेली वस्तू निराळी होती.

म्हणून आम्ही १० गुणांची फोड केली : आशय ४, क्रम ३, स्पष्टता २, उपप्रश्नाचे उत्तर १. प्रत्येक गुणाचा अर्थही लिहून ठेवला. आशयात तीन मुद्दे व एक उदाहरण असल्यास ४, उदाहरण नसल्यास ३, दोन मुद्द्यांना २, एकाला १. विनामदत सलग बोलल्यास क्रमाचे ३, एकदा मदत लागल्यास २, वारंवार लागल्यास १. मागच्या बाकापर्यंत सर्व शब्द कळले तर स्पष्टतेचे २, अधूनमधून कळले तर १. बोलीतील रूपासाठी कोठेही गुण वजा करायचा नाही. प्रमाणभाषेची परीक्षा घ्यायची असेल, तर मुलांना आधी सांगून ती स्वतंत्र घ्यावी.

त्या मुलीचे ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकले. तीन मुद्दे आणि आजीच्या गुडघेदुखीचे उदाहरण होते, म्हणून आशयाचे ४. स्पष्टतेचे २. उपप्रश्न अनुत्तरित, म्हणून शून्य. क्रमात मात्र एकाने ३ दिले, दुसऱ्याने २, कारण मध्येच शिक्षक "पुढे?" असे म्हणाले होते. ही मदत धरावी काय? नुसते "पुढे?" ही मदत नव्हे, शब्द वा मुद्दा सुचवणे ही मदत, असे ठरले व फोडीत नोंदले गेले. तिला ९ गुण मिळाले.

आता परीक्षेपूर्वी सर्व परीक्षक तीन ध्वनिमुद्रणे ऐकून, एकमेकांशी न बोलता गुण देतात. नंतर केवळ बेरीज न पाहता प्रत्येक घटक पडताळतात. कारण एकाचे आशय ४ व क्रम १ आणि दुसऱ्याचे २ व ३, यांची बेरीज सारखीच येते. फरक पडेल तेथे आधी फोडीतील वाक्य सुधारतात. उत्तम वक्त्यानंतर येणारे मूल उगाच फिके वाटते. म्हणून मूल जागेवर बसण्यापूर्वीच गुण लिहितात आणि दुपारी सकाळचे पहिले ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकतात.

तरी एक मर्यादा उरते. दोन्ही परीक्षकांनी 'पानी'साठी गुण कापले, तर त्यांचे आकडे तंतोतंत जुळतील आणि अन्यायही तितकाच नेमका होईल. म्हणून आकडे जुळल्यावरही, कोणत्या घरची मुले सतत मागे राहतात, हे गुणपत्रकात आम्ही दरवर्षी पाहतो.