इतिवृत्तातून सूचनाफलकावर

उद्या सुप्याच्या एमआयडीसीत नोकरी लागली आणि तिथेच फ्लॅट घेतला, तर सोसायटीत "तुम्ही इंजिनिअर, तुम्हीच लिहा" असे म्हणून वार्षिक सभेची सूचना काढायचे काम तुमच्या गळ्यात पडेल. इतिवृत्त असते सात-आठ पानांचे, फलकावर जागा एका पानाची.

कोण काय बोलले ते सरळ गाळावे. ठरावाची खूण म्हणजे सूचक, अनुमोदक आणि निकाल. "टँकरच्या खर्चावर सविस्तर चर्चा झाली, कमिटीने विचार करावा असे मत पडले" हा निर्णय नव्हे. सूचनेत त्यापुढे "निर्णय झाला नाही" एवढेच लिहायचे. नाहीतर पुढच्या महिन्यात लोक टँकरची वाट बघत बसतात!

खरी गंमत मतांच्या आकड्यात आहे. समजा, सभासद ६०. आदर्श उपविधींप्रमाणे गणपूर्ती दोन तृतीयांश किंवा २०, यांत जे कमी ते, म्हणजे २०. हजर ३४, त्यामुळे सभा वैध. विषय उपविधी दुरुस्तीचा. बाजूने २१, विरोधात १०, तटस्थ ३. इतिवृत्तात नुसते "बहुमताने मंजूर" लिहिलेय. पण दुरुस्तीला हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश लागतात. तटस्थांनी मत दिलेले नाही, म्हणून भागायचे ३१ ने. त्याचे दोन तृतीयांश २०.६७, म्हणजे २१ मते हवीत. ठराव काठावर पास. कुणी ३४ धरले असते तर २३ लागली असती आणि हाच ठराव नापास ठरला असता. म्हणून सूचनेत तिन्ही आकडे द्यावेत.

पुनर्विकासाचा विषय असता तर हिशेबच वेगळा. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे तिथे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांशांची, म्हणजे ४० जणांची हजेरी लागते. ३४ जणांत तो विषय घेताच येत नाही.

आणखी एक. पास झालेली दुरुस्ती लगेच लागू होत नाही, निबंधकाकडे नोंदणी व्हावी लागते. तेव्हा सूचना अशी:

"ठराव क्र. ४ : उपविधी दुरुस्ती. हजर ३४. बाजूने २१, विरोधात १०, तटस्थ ३. आवश्यक मते २१. मंजूर. निबंधकांकडे नोंदणी झाल्यावर लागू होईल. तोवर जुनाच नियम."

विरोध करणाऱ्यांची नावे फलकावर नकोत. ती लिहिली की जिन्यात भांडणे होतात.

शेवटी तिन्ही आकड्यांची बेरीज हजेरीशी ताडून बघावी. ती ३१ च भरली, तर दोन शक्यता: तटस्थ मोजलेच नाहीत, किंवा तिघे सही करून चहानंतर घरी गेले. अशा वेळी अंदाजाने आकडा भरू नये. सचिवांकडून मतमोजणीचा कागद मागून घ्यावा आणि तो मिळेपर्यंत सूचना लावू नये.