चौदा दिवस कधीपासून? कायद्याची मूळ प्रत कशी वाचावी



गाळप सुरू झाले की गटऑफिसात एक वाक्य हमखास ऐकू येते : "उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावे, असा कायदाच आहे." वाक्य खोटे नाही, पण अर्धे आहे. चौदा दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे? कोणत्या प्रसंगी ही मुदत बदलते? उशीर झाला तर व्याज कशावर धरायचे? ही उत्तरे पारावर मिळत नाहीत, ती मूळ मजकुरात असतात. म्हणून या लेखात हा एकच मजकूर समोर ठेवून कायदा वाचण्याची रीत पाहू.

हा मजकूर आहे ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ याचा. अत्यावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ च्या कलम ३ खाली केंद्र सरकारने हा आदेश काढला. अधिनियमात जसे 'कलम' तसा आदेशात 'खंड'. वाचण्याची रीत दोन्हींची सारखीच. आपल्याला लागतो तो खंड ३.

आधी प्रतीची तारीख पाहा

पुस्तक उघडल्यावर पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहा : 'अमुक तारखेपर्यंत दुरुस्त'. जुन्या प्रतीत खंड ३ मध्ये 'किमान किंमत' असे शब्द सापडतील. २००९ साली दुरुस्ती होऊन त्या जागी 'रास्त आणि किफायतशीर दर', म्हणजे आपण ज्याला एफआरपी म्हणतो तो शब्द आला. जुनी प्रत हाती असली तर माणूस बरोबर वाचूनही चुकीचे बोलतो. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात दुरुस्तीच्या टिपा असतात, त्या सोडून पुढे जाऊ नका.

व्याख्या : शब्द गावचा, अर्थ कायद्याचा

खंड २ मध्ये व्याख्या आहेत. तिथे 'कारखाना' म्हणजे ज्या जागेत निर्वात पात्राच्या, म्हणजे व्हॅक्यूम पॅनच्या पद्धतीने साखर तयार होते ती जागा. आता बघा, ज्याने आपला ऊस गुऱ्हाळाला घातला, त्यालाही आपण ऊस विकला असेच म्हणतो. पण गुऱ्हाळ या व्याख्येत बसत नाही. तेव्हा साखर उत्पादकावर असलेली चौदा दिवसांची अट त्याला दाखवता येणार नाही.

दुसरी व्याख्या 'किंमत' या शब्दाची. कारखान्याच्या दाराशी किंवा ऊस खरेदी केंद्रावर पोहोचवलेल्या उसाची ती किंमत. 'दाराशी' हा शब्द महत्त्वाचा. तोडणी-वाहतूक कारखान्याने केली असेल तर तो खर्च बिलातून का वळता होतो, याचे उत्तर या एका शब्दात आहे.

म्हणून नियम असा : खंड वाचताना जो शब्द खंड २ मध्ये आलेला आहे, त्याच्याखाली तुटक रेघ मारावी. रेघ दिसली की समजावे, इथे आपला रोजचा अर्थ चालणार नाही.

मुख्य वाक्य फोडून वाचा

खंड ३ चा पोटखंड (३) हे एकच लांबलचक वाक्य आहे. त्याचा सरळ अर्थ असा : साखर उत्पादकाने शेतकऱ्याकडून ऊस घेतल्यास, उभय पक्षांत याविरुद्ध लेखी करार नसेल तर, ऊस पोहोचवल्याच्या तारखेपासून चौदा दिवसांच्या आत, ठरलेल्या किंवा पोटखंड (१) खाली निश्चित झालेल्या दराने किंमत द्यावी.

असे वाक्य एका दमात वाचू नये. समासात चार प्रश्न लिहावेत : कोणी? कोणाला? काय? केव्हा? उत्पादकाने, विकणाऱ्याला, किंमत, चौदा दिवसांत. हा झाला सांगाडा. मग उरलेले शब्द कोणत्या हाडाला चिकटले आहेत ते पाहावे.

'पोहोचवल्याच्या तारखेपासून' हे शब्द 'केव्हा' ला चिकटलेले आहेत. बिल तयार झाल्याची तारीख नव्हे, पंधरवडा संपल्याची तारीख नव्हे. वजनकाट्याच्या पावतीवर जी तारीख आहे, ती. आणि 'पासून' म्हटले की पहिला दिवस सोडायचा. सर्वसाधारण खंड अधिनियम, १८९७ च्या कलम ९ मध्ये ही मोजणी सांगितली आहे, आणि आदेश वाचतानाही तीच रीत धरतात.

'याविरुद्ध लेखी करार नसेल तर' हे शब्द मात्र आपल्या नजरेतून निसटतात. ऊस नोंदीच्या वेळी आपण जो छापील कागद सही करून देतो, त्यात पैसे हप्त्याने घेण्यास संमती असेल तर तो कागद इथे येऊन बसतो. तोंडी बोलणे बसत नाही. आता पोटखंड (२) कडे वळा. निश्चित केलेल्या किमतीपेक्षा कमी किमतीने ऊस विकू नये आणि घेऊ नये, असे तिथे आहे. दोन्ही जोडून वाचले की अर्थ लागतो : लेखी कराराने वेळ पुढेमागे होईल, पण दर त्या किमतीच्या खाली जाणार नाही.

शासनाच्या ठरावाने हे वाक्य बदलते का? राज्य शासनाने २१ फेब्रुवारी २०२२ रोजी निर्णय काढून एफआरपी दोन टप्प्यांत देण्याची सोय केली होती. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला. केंद्राच्या आदेशातील 'लेखी करार' म्हणजे दोन पक्षांचा करार. शासन निर्णय हा शेतकऱ्याने सही केलेला करार नव्हे.

परंतुक आणि स्पष्टीकरण यांत गल्लत नको

पोटखंड (१) मध्ये केंद्र सरकारने दर कसा ठरवावा ते आहे. त्याखाली 'परंतु' या शब्दाने सुरू होणारा मजकूर येतो, त्याला परंतुक म्हणतात. त्याचा अर्थ : खंड १० मधील परिस्थितीत आणि अटींवर केंद्र सरकारला, किंवा केंद्राच्या मान्यतेने राज्य सरकारला, निश्चित दरात सूट देता येईल. परंतुक हे मुख्य नियमाचा एक तुकडा कापून काढते. म्हणून त्याला तीन प्रश्न विचारावेत. कापणार कोण? सरकार, कारखाना नव्हे. कधी? खंड १० च्या अटी असतील तेव्हाच. कशातून? पोटखंड (१) च्या दरातून. हे परंतुक पोटखंड (३) ला लावून "पैसे उशिरा देण्याची सूट आहे" असे कोणी म्हणू लागला, तर परंतुक कोणत्या पोटखंडाखाली छापले आहे ते बोट ठेवून दाखवावे.

लगेच खाली 'स्पष्टीकरण' आहे : वेगवेगळ्या क्षेत्रांसाठी, किंवा उसाच्या वेगवेगळ्या प्रती व जातींसाठी, वेगवेगळे दर ठरवता येतील. स्पष्टीकरण काही कापत नाही. मूळ वाक्यात शंका राहू नये म्हणून ते दिवा धरते. शेजारच्या कारखान्याचा दर निराळा का, ही शंका पोटखंड (१) वाचताना येणारच. तिचा बंदोबस्त इथे केला आहे.

उदाहरणे कुठे असतात?

या आदेशात उदाहरणे नाहीत. ती जुन्या अधिनियमांत भरपूर सापडतात. भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम ३७ घ्या. वचन देणारा वचन पुरे होण्याआधी वारला तर त्याचे वारस बांधलेले असतात, करारातून विरुद्ध हेतू दिसत नसेल तर, असे ते म्हणते. 'विरुद्ध हेतू' म्हणजे काय? खाली दोन उदाहरणे आहेत. 'अ' ने पैसे घेऊन माल देण्याचे कबूल केले आणि तो वारला, तर वारसांनी माल द्यावा आणि घेणाऱ्याने पैसे द्यावेत. 'अ' ने चित्र काढून देण्याचे कबूल केले आणि तो वारला, तर तो करार कोणालाच बजावून घेता येत नाही. एक हो, एक नाही. चित्र त्याच माणसाच्या हातचे हवे होते, माल कोणाच्याही हातून चालतो.

आता आपले पाहा. नोंदलेला ऊस फडात उभा असताना सभासद वारला. ऊस हा माल आहे, चित्र नव्हे. पहिले उदाहरण लागते : वारसांनी ऊस द्यावा, कारखान्याने वारसांना पैसे द्यावेत. उदाहरण कलमापेक्षा मोठे होत नाही, पण कलमातील अवघड शब्द कुठपर्यंत पोहोचतो ते दाखवते. म्हणून दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवून फरक कशात आहे तेवढा एक शब्द समासात लिहावा.

हिशेब करून पाहू

समजा, सामोडे शिवारातील एका सभासदाचा १२ टन ऊस २ डिसेंबरला काट्यावर आला. तोडणी-वाहतूक वजा जाता दर टनी २,७०० रुपये धरू. रक्कम झाली ३२,४०० रुपये. लेखी करार नाही. ३ डिसेंबर हा पहिला दिवस, १६ डिसेंबर हा चौदावा. पैसे मिळाले ३० जानेवारीला, म्हणजे ४५ दिवस उशिरा.

पोटखंड (३-अ) सांगतो की चौदा दिवसांपुढील विलंबाच्या काळासाठी देय रकमेवर दरसाल १५ टक्के व्याज द्यावे. ३२,४०० चे वर्षाचे व्याज ४,८६० रुपये. त्याला ४५ ने गुणून ३६५ ने भागले की ५९९ रुपये येतात.

आता हाच हिशेब १५ डिसेंबरला पंधरवडा संपला तिथून धरला, तर मुदत २९ डिसेंबरला जाते, उशीर ३२ दिवसांचा राहतो आणि व्याज ४२६ रुपये होते. एका खेपेत १७३ रुपयांचा फरक केवळ 'पोहोचवल्याच्या' या शब्दाचा. पावत्या वेगवेगळ्या तारखांच्या असतील तर प्रत्येकीचा हिशेब वेगळा. काही रक्कम वेळेत मिळाली असेल तर व्याज फक्त उरलेल्या रकमेवर.

आणखी एक दुवा जोडून ठेवा. पोटखंड (८) मध्ये थकलेली किंमत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला पाठवण्याची तरतूद आहे. आपल्या राज्यात साखर आयुक्त असे दाखले काढतात. त्या पोटखंडात करार असेल तर 'ठरावीक मुदतीत' पैसे देण्याचा करार, असे शब्द आहेत. म्हणून सही करण्याआधी कागदावर मुदतीची जागा कोरी आहे का, हे पाहावे.

समासात किती लिहावे?

सगळे रंगवले तर काहीच दिसत नाही. चार खुणा पुरेत : व्याख्येच्या शब्दाखाली तुटक रेघ, 'नसेल तर', 'परंतु' अशा शब्दांभोवती गोल, दिवस, टक्के यांभोवती चौकट, आणि दुसऱ्या खंडाकडे नेणारा बाण. पोटखंड (३) च्या समासात शेवटी एवढेच उरावे :

'उत्पादक → विकणारा. काटा पावतीपासून १४ दिवस, पहिला दिवस सोडून. लेखी करार पाहा. दर : (२) पाहा. उशीर : (३-अ), १५ टक्के. वसुली : (८).'

काटा पावत्या आणि नोंदीच्या कागदाची नक्कल त्याच पानात घालून ठेवावी. गटऑफिसात बोलायला जाताना पुस्तक आणि पावत्या दोन्ही बरोबर असू द्या, म्हणजे तारखेवरून वाद होणार नाही.